अर्धवेळ बाहेरच्या अध्यापनासाठी ना हरकत दाखला: अटी कोणत्या असाव्यात आणि त्या कोणी लिहाव्यात?

मांडवीकाठ

नमस्कार. मी गोवा सरकारच्या एका खात्यात कनिष्ठ अभियंता आहे आणि माझे कार्यालय पणजीत आहे. फोंडा तालुक्यातील एका खासगी तंत्रनिकेतनाने येत्या सत्रात स्थापत्य पदविकेच्या विद्यार्थ्यांना सर्व्हेइंग शिकवण्यासाठी मला विचारले आहे. दर शनिवारी सकाळी १० ते १२ असे दोन तास, एकूण १५ आठवडे, आणि प्रत्येक तासाला ५०० रुपये मानधन, असा त्यांचा प्रस्ताव आहे. आमचा आठवडा पाच दिवसांचा असल्यामुळे शनिवारी कार्यालय बंद असते.

मी तीन ओळींचा अर्ज केला होता: ‘मला वरील संस्थेत शिकवण्यासाठी ना हरकत दाखला मिळावा, कार्यालयीन कामावर परिणाम होणार नाही.’ ‘कामाचे स्वरूप, कालावधी, मोबदला व मर्यादा स्पष्ट कराव्यात’ असा शेरा मारून आस्थापना शाखेने तो परत पाठवला. आता नव्याने अर्ज करताना मर्यादा आणि अटी मीच सुचवाव्यात, की त्या कार्यालयावर सोडाव्यात? शिवाय हा दाखला मिळाला की मानधन घ्यायलाही मी मोकळा होतो का, हेही मला समजून घ्यायचे आहे.

तिसवाडीकर

माझ्या मते तुम्ही हा प्रश्न विनाकारण अवघड करून घेत आहात. सायंकाळी पावणेसहानंतरचा आणि शनिवार-रविवारचा वेळ तुमचा स्वतःचा आहे. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ हेच आपल्याकडे लागू आहेत आणि त्यांतील १५व्या नियमानुसार साहित्यिक, कलाविषयक किंवा वैज्ञानिक स्वरूपाच्या कामाला पूर्वपरवानगी लागत नाही. सर्व्हेइंग हा वैज्ञानिक विषय आहे. कार्यालयप्रमुखांचा एका ओळीचा दाखला पुरेसा होतो. आणि अर्ज देऊन ठराविक मुदतीत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे धरून चालता येते, अशीही तरतूद नियमांत आहे.

शाळेतला_मास्तर

कृपया सावध राहावे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाने खासगी शिकवणी घेण्यास स्पष्ट मनाई आहे. आमच्या शाळेत याबद्दल परिपत्रक फिरले होते आणि आम्हा सर्वांकडून लेखी हमी घेतली होती. शनिवारी असो वा रविवारी, शिकवणी ती शिकवणीच. ना हरकत दाखल्याने कायद्यातील मनाई उठत नाही.

निवृत्त_अधीक्षक

माझी बरीच वर्षे आस्थापना शाखेत गेली आणि अशी प्रकरणे माझ्या टेबलावरून जात असत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मास्तर, तुम्ही सांगितलेले कलम खरे आहे, परंतु ते शाळेतील शिक्षकांसाठी आहे. मांडवीकाठ शिक्षक नाहीत आणि शिकवणीही घेणार नाहीत. ते एका संस्थेच्या वेळापत्रकातले तास घेणार आहेत. ते कलम येथे लागू होत नाही.

तिसवाडीकर यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. १५व्या नियमात पूर्वमंजुरीशिवाय करता येणारी कामे दिलेली आहेत, पण तेथे ‘प्रासंगिक’ हा शब्द आहे. एखाद्या संस्थेने वर्षातून एकदा व्याख्यानाला बोलावले, तर ते प्रासंगिक. पंधरा आठवडे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दराने तास घेणे हे नियमित मोबदल्याचे काम होते आणि त्याला पूर्वमंजुरी लागते. उत्तर न आल्यास परवानगी गृहीत धरण्याची तरतूद १९व्या नियमात आहे. आपल्या सरकारी कामावर टीका किंवा बदनामी झाली असता कोर्टात वा वृत्तपत्रात जाण्याबद्दलचा तो नियम आहे. बाहेरच्या कामाबद्दलच्या १५व्या नियमात अशी सवलत कोठेही नाही. उत्तर आले नाही तर स्मरणपत्र द्यावे आणि तोपर्यंत पहिला तासही घेऊ नये, कारण मंजुरी ‘पूर्व’ असावी लागते.

सुट्टीचा वेळ आपला, हा समजही तपासून घ्यावा. मूलभूत नियम ११ प्रमाणे सरकारी नोकराचा संपूर्ण वेळ सरकारच्या अधीन असतो. शनिवारी कार्यालय बंद असते, परंतु तुम्हाला बोलावण्याचा अधिकार बंद नसतो. पावसाळ्यात रस्त्यावर दरड आली किंवा निवडणुकीचे काम निघाले, की अभियंत्याला शनिवार दिसत नाही, हे तुम्ही जाणताच.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्हाला एक नव्हे, दोन गोष्टींची मंजुरी हवी आहे. पहिली, बाहेरचे काम करण्याची. दुसरी, त्या कामाची फी स्वीकारण्याची. १५व्या नियमातच एक पोटनियम आहे, ज्यानुसार कोणत्याही खासगी वा सार्वजनिक संस्थेचे काम करून फी घ्यायची असेल तर विहित अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मूलभूत नियम ४६ आणि पूरक नियम ११ यांचा रोखही तोच आहे: सक्षम अधिकाऱ्याने असे प्रमाणित करावयाचे असते की, हे काम सरकारी कर्तव्याला बाध न येता करता येईल. तुमचा पहिला अर्ज परत आला तो बहुधा याच कारणाने. ‘परिणाम होणार नाही’ हे तुम्ही स्वतः लिहून उपयोग नाही, ते तुमच्या वरिष्ठाने लिहायचे असते, आणि वार, वेळ, अंतर, कालावधी यांपैकी काहीच समोर नसताना कोणता सहायक अभियंता अशा प्रमाणपत्रावर सही करील?

म्हणून मर्यादा तुम्हीच सुचवाव्यात. आदेशातील अटी कार्यालय लिहील, पण त्या ज्या माहितीवर उभ्या राहतात ती अर्जदाराने पुरवावी लागते. आदेशावर कोणाची सही हवी, कार्यालयप्रमुखांची की खातेप्रमुखांची, हे तुमच्या खात्यातील अधिकारवाटपाच्या आदेशात पाहावे. आमच्या खात्यात ही फाईल खातेप्रमुखांकडे जात असे आणि कार्यालयप्रमुख फक्त शिफारस करीत असत.

वेर्णा_औषधनिर्मिती

मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. आमच्याकडे हे नियम नाहीत, परंतु नेमणूकपत्रात ‘कंपनीच्या लेखी संमतीशिवाय अन्य कोणतेही सवेतन वा अवेतन काम करता येणार नाही’ असे कलम होते. मी एका फार्मसी महाविद्यालयात तास घ्यायला सुरुवात करण्यापूर्वी मनुष्यबळ विभागाकडून पत्र घेतले. त्या पत्रात तासांची मर्यादा होती, पण शिकवताना कंपनीची कागदपत्रे, चाचणी पद्धती वा उदाहरणे वापरण्याबद्दल एक शब्दही नव्हता. पुढे मी वर्गात दाखवलेल्या एका नमुना तक्त्यावरून मोठी विचारणा झाली. तो तक्ता सर्वसाधारण होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी माझ्यावर आली.

सरकारी नोकरांना हा प्रश्न येत नसेल कदाचित, तरी गोपनीयतेची अट मागूनच घ्यावी, असे मी सुचवीन. अट लेखी असली की काय दाखवता येते हेही त्यातूनच ठरते.

निवृत्त_अधीक्षक

सरकारी नोकरांनाही हा प्रश्न तितकाच येतो. सर्व्हेइंग शिकवणारा अभियंता सवयीने चालू कामाचा नकाशा किंवा लेव्हलची वही वर्गात घेऊन जातो, विद्यार्थी त्याचे फोटो काढतात आणि अजून अधिसूचित न झालेल्या रस्त्याची आखणी गावभर होते. कार्यालयाचे टोटल स्टेशन किंवा लेव्हल यंत्र शनिवारी वर्गासाठी नेणे हा तर सरळ गैरवापर आहे. उपकरणे संस्थेचीच असावीत, असे लिहून घ्यावे.

मांडवीकाठ

अधीक्षक साहेब, मनापासून आभार. फीची मंजुरी वेगळी असते हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

एक गोष्ट मी पहिल्या संदेशात लिहिली नव्हती, कारण ती महत्त्वाची आहे असे मला तेव्हा वाटले नाही. त्याच संस्थेने नव्या जलवाहिनीसाठी रस्ता खोदण्याची परवानगी आमच्या उपविभागाकडे मागितली आहे आणि स्थळपाहणीचा अहवाल माझ्याकडे आलेला आहे. अहवाल नियमाप्रमाणेच होईल. मग हे अर्जात लिहावे काय? लिहिले तर दाखला नाकारला जाईल, अशी भीती वाटते.

दुसरे म्हणजे संस्थेचे समन्वयक म्हणतात की, प्रात्यक्षिक परीक्षा कामाच्या दिवशी असते, तेव्हा अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकून यावे.

तिसवाडीकर

१९व्या नियमाबद्दल अधीक्षकांचे म्हणणे मला मान्य आहे, मी दोन तरतुदी एकत्र केल्या होत्या. परंतु किरकोळ रजा ही कर्मचाऱ्याची हक्काची रजा आहे. त्या अर्ध्या दिवसात तो काय करतो हे कार्यालयाने का विचारावे?

निवृत्त_अधीक्षक

रस्ता खोदण्याची बाब अर्जात लिहायचीच, आणि तीही पहिल्या परिच्छेदात. तुमचा अहवाल कितीही निर्दोष असला तरी, ज्या संस्थेकडून तुम्ही या सत्रात १५,००० रुपये घेणार आहात तिच्याच अर्जाची पाहणी तुम्ही केली, एवढे एक वाक्य तक्रारीला पुरते. लिहिताना मार्गही सुचवा: ‘सदर पाहणी अन्य कनिष्ठ अभियंत्याकडे सोपवावी आणि दाखल्याच्या मुदतीत या संस्थेशी संबंधित कोणतेही प्रकरण माझ्याकडे देऊ नये.’ वरिष्ठांना ते शक्य असेल तर आदेशात तशी अट येईल. उपविभागात दुसरा अभियंताच नसेल तर दाखला नाकारला जाईल, आणि तो नकार योग्य असेल. लपवून मिळवलेला दाखला पुढे दक्षता खात्यासमोर तुमच्याविरुद्धच पुरावा ठरतो, कारण मंजुरी देणाऱ्याने ज्या माहितीवर प्रमाणपत्र दिले ती अपुरी होती, असे त्यातून दिसते.

रजेबद्दल तिसवाडीकरांशी मी सहमत नाही. रजा नियम, १९७२ मध्ये, रजेवर असतानाही पूर्वमंजुरीशिवाय अन्यत्र नोकरी वा काम स्वीकारता येत नाही, असे म्हटलेले आहे. किरकोळ रजा त्या नियमांतल्या रजेत मोडत नाही, हे खरे. तरीही कामाच्या दिवशी तासाला जाण्यासाठी रजा टाकली, तर ‘कर्तव्याला बाध न येता’ हे प्रमाणपत्र त्याच दिवशी खोटे पडते. प्रात्यक्षिक परीक्षेला तुम्हाला बोलावणे ही वेगळी नेमणूक आहे, तिचे मानधनही वेगळे असते. ती हवी असल्यास अर्जात स्वतंत्र ओळ घालावी, नको असल्यास संस्थेला तसे आधीच कळवावे.

फर्मागुडीची_ताई

मी पदविका संस्थेत विभाग सांभाळते, त्यामुळे दुसऱ्या बाजूने थोडे लिहिते. आम्ही दाखला मागतो तो केवळ रीत म्हणून नाही. तपासणीच्या वेळी बाहेरच्या शिक्षकांची यादी, त्यांची पात्रता आणि मूळ कार्यालयाची संमती एकत्र लावावी लागते. अडचण अशी की बहुतेक दाखल्यांत ‘संस्थेत शिकविण्यास हरकत नाही’ इतकेच असते. त्यावरून मला वेळापत्रक बसवता येत नाही आणि लेखा विभागाला मानधनाचे बिल काढता येत नाही.

मांडवीकाठ यांनी संस्थेकडून आधी नीट पत्र घ्यावे. विषय, सत्र, वार, वेळ, एकूण तास आणि दर हे सर्व त्यात असावे. आणि ते निमंत्रणाचे पत्र असावे. अनेक संस्था सवयीने छापील ‘नेमणूकपत्र’ देतात, ज्यात हजेरी, परिवीक्षा, एक महिन्याची सूचना अशी पूर्णवेळ कर्मचाऱ्याची कलमे असतात. ते पत्र मूळ कार्यालयात गेले की फाईल तिथेच थांबते.

एक व्यावहारिक गोष्ट. आपल्याकडे चतुर्थीच्या सुट्टीत शनिवार हमखास जातात. त्यानंतर भरपाईचे तास कुठे घ्यायचे, हा दरवर्षीचा प्रश्न. आम्ही बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी चारला या म्हणतो, आणि कर्मचारी संकोचाने हो म्हणतात. आदेशात भरपाईबद्दल स्पष्ट लिहिलेले असेल तर आम्हीही तसे विचारणार नाही.

नेट_पात्र

या चर्चेत एक बाजू राहून जाते आहे, म्हणून लिहितो. मी पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे आणि काही वर्षे लेक्चर बेसिसवर काम करतो. मला तासांवर पैसे मिळतात आणि चतुर्थीच्या व नाताळच्या सुट्टीत काहीच मिळत नाही. ज्याला महिन्याचा पगार आहे अशा सरकारी कर्मचाऱ्याला शनिवारचे तास दिले जातात, तेव्हा ते माझ्यासारख्या कोणाच्या तरी वाट्याचे असतात. दाखला देणारा अधिकारी ‘कर्तव्याला बाध येतो का’ एवढेच पाहतो. त्या विषयाला स्थानिक पात्र उमेदवार उपलब्ध आहे का, हे कोणीच पाहत नाही. माझ्या मते ती अट असायला हवी.

फर्मागुडीची_ताई

तुमचे दुःख मला समजते आणि इतिहास, वाणिज्य, गणित अशा विषयांत तुमचे म्हणणे खरे आहे. सर्व्हेइंगच्या प्रात्यक्षिकाला मात्र प्रत्यक्ष शेतात, चढावावर लेव्हल लावलेला माणूस लागतो, आणि दोन वेळा जाहिरात देऊनही आम्हाला असा कोणी मिळाला नव्हता.

नेट_पात्र

मग संस्थेने तसे पत्रात लिहावे: जाहिरात दिली, उमेदवार मिळाला नाही. तेवढे लिहिले तर माझा आक्षेप राहणार नाही. दर सत्राला पुन्हा जाहिरात न देता तोच दाखला पुढे चालवत राहिले, तर मात्र राहील.

निवृत्त_अधीक्षक

नेट_पात्र यांचा मुद्दा वर्तणूक नियमांत बसत नाही. मंजुरी देणाऱ्याला तो पाहण्याचा अधिकार आहे की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. पण दाखला एका सत्रापुरताच असावा, आपोआप वाढू नये, या मताला त्यांच्या म्हणण्याने बळच मिळते.

मांडवीकाठ, तुमच्यासाठी आदेशाचा मसुदा लिहून देतो. अर्जासोबत ‘प्रस्तावित अटी’ म्हणून जोडा. शाखेला टिपणी लिहिताना उपयोग होईल.

‘श्री. ….. यांना सदर संस्थेत चालू शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या सत्रासाठी सर्व्हेइंग हा विषय अर्धवेळ शिकवण्यास आणि त्यासाठी प्रति तास रु. ५०० या दराने, एकूण रु. १५,००० पेक्षा अधिक नाही इतकी फी स्वीकारण्यास पुढील अटींवर मंजुरी देण्यात येत आहे. अध्यापन केवळ शनिवारी राहील. सामान्यतः दर शनिवारी दोन तास आणि बुडालेल्या तासांची भरपाई असल्यास चार तास यांपेक्षा अधिक नसेल. सत्रातील एकूण तास ३० पेक्षा अधिक होणार नाहीत. कार्यालयीन कामासाठी बोलावणे आल्यास अध्यापन सोडून हजर राहावे लागेल आणि त्याबद्दल संस्थेचा कोणताही दावा कार्यालयावर राहणार नाही. कार्यालयाची कागदपत्रे, उपकरणे, वाहन वा कर्मचारी वापरता येणार नाहीत. संस्थेच्या माहितीपत्रकात वा जाहिरातीत पदनाम वापरता येणार नाही. संस्थेशी संबंधित कोणतेही प्रकरण त्यांच्याकडे सोपवले जाणार नाही आणि असे प्रकरण आल्यास त्यांनी तत्काळ लेखी कळवावे. परीक्षकाचे काम या मंजुरीत समाविष्ट नाही. या मंजुरीच्या आधारे बदली वा नेमणुकीच्या ठिकाणाबद्दल मागणी करता येणार नाही. मंजुरी कोणत्याही वेळी कारण न देता मागे घेता येईल आणि सत्र संपताच ती संपुष्टात येईल.’

तासांची मर्यादा मी दोन प्रकारे घातली आहे, कारण एकीने भागत नाही. समजा चतुर्थीमुळे दोन आणि कार्यालयीन कामामुळे एक असे तीन शनिवार बुडाले, म्हणजे सहा तास गेले. नुसती ‘आठवड्याला दोन’ अशी मर्यादा असेल तर ते सहा तास सत्रात कधीच भरून निघत नाहीत आणि मग बुधवारचा मोह होतो. नुसती ‘सत्रात ३०’ अशी मर्यादा असेल तर शेवटच्या पंधरवड्यात रोज संध्याकाळी वर्ग लागतात. वरच्या मसुद्यात तीन शनिवारी चार-चार तास घेतले की हिशेब पुरा होतो.

फीबद्दल एक बाब लेखा शाखेकडून लिहून घ्यावी. पूरक नियम १२ प्रमाणे ठराविक रकमेच्या वरच्या फीचा एक तृतीयांश भाग सरकारजमा करायचा असतो, आणि काही प्रकारच्या फीला त्यातून सूट असते. तुमच्या प्रकरणात तो भाग भरायचा की सूट आहे, हे आदेशातच नमूद करून घ्यावे. पुढे लेखापरीक्षणात वसुली निघाली की ती एकदम निघते. मानधन रोखीने न घेता बँकेत घ्यावे आणि आयकर विवरणपत्रात पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न म्हणून दाखवावे.

वेर्णा_औषधनिर्मिती

विवरणपत्राबद्दल दुजोरा देतो. संस्थेने तुमच्या पॅनवर कर कापला की ती नोंद आयकराच्या वार्षिक माहिती विवरणात दिसते. आणखी एक पाहावे: संस्थेने चुकून तुम्हाला कर्मचारी दाखवून भविष्यनिर्वाह निधीत नाव घातले, तर नोंदीत दुसरी नोकरी उभी राहते. माझ्या बाबतीत तसे झाले होते आणि ते काढून घ्यायला फार पत्रव्यवहार करावा लागला.

मांडवीकाठ

सर्वांचा आभारी आहे. संस्थेने जुने नेमणूकपत्र मागे घेऊन निमंत्रणाचे नवे पत्र दिले आणि नेट_पात्र यांनी सुचवल्याप्रमाणे जाहिरातीचा उल्लेखही त्यात केला. मी रस्ता खोदण्याच्या अर्जाची माहिती पहिल्याच परिच्छेदात लिहिली. सहायक अभियंत्यांनी ती पाहणी दुसऱ्या सहकाऱ्याकडे दिली आणि शनिवारचे वेळापत्रक पाहून प्रमाणपत्रावर सही केली. फाईल आता खातेप्रमुखांकडे आहे. सत्र सुरू व्हायला थोडेच दिवस असल्यामुळे आदेश हाती येईपर्यंत पहिले शनिवार माझ्याविना जातील, असे मी संस्थेला कळवले आहे.

एक नवा प्रश्न मात्र उभा राहिला. माझे तास चित्रित करून संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवावेत, अशी त्यांची इच्छा आहे. चित्रीकरण पुढच्या वर्षीही विद्यार्थी पाहतील, तेव्हा माझा दाखला संपलेला असेल. हे चालेल काय?

तिसवाडीकर

तास एकदाच घेतला, मोबदला एकदाच मिळाला. नंतर कोणी पाहिले म्हणून तुम्ही पुन्हा काम केले असे होत नाही.

निवृत्त_अधीक्षक

मोबदल्यापुरते ते ठीक वाटते. पण पुढच्या वर्षी संस्था त्याच चित्रीकरणावर प्रवेशाची जाहिरात करील, चेहरा आणि आवाज तुमचा असेल, आणि पदनामाची अट अप्रत्यक्षपणे मोडेल. माझ्या काळात असे प्रकरण आले नव्हते, त्यामुळे ठाम मत देत नाही. फाईल खातेप्रमुखांकडेच आहे, तर एक पुरवणी पत्र देऊन हा प्रश्न तेथेच विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत चित्रीकरणाला नकार द्यावा.

फर्मागुडीची_ताई

आमच्याकडेही गेल्या सत्रात हाच प्रश्न आला होता. आम्ही चित्रीकरण फक्त त्या वर्गाच्या विद्यार्थ्यांपुरते, संकेतशब्द लावून ठेवले आणि सत्राअखेरीस काढून टाकले. मूळ कार्यालयाने त्याला हरकत घेतली नाही, पण लेखी संमतीही दिली नाही.